दाखवायचा खड्डा

आजही कुणी ‘आदर्श’ हा शब्द उच्चारला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. आमच्या अंगणात, रस्त्याच्या अंगाला, खाटेएवढा एक खड्डा आहे. त्याच्या डोक्यावर अजून तो शब्द छापलेला फ्लेक्स लटकतो. उन्हानं रंग उडालाय, एका कोपऱ्याची दोरी तुटलीय, पण हात जोडून उभे असलेले माझे थोरले दीर अजून ओळखू येतात. खड्ड्यात आता पावसाचं पाणी आहे आणि डास आहेत. तो खड्डा मी खणला होता. माझ्या हाताला फोड आले होते, आणि फोटो त्यांचा लागला.

झालं असं. आमच्या बचत गटाच्या बायकांना एकदा तालुक्याला प्रशिक्षणाला नेलं होतं. निम्म्या जणी जेवण बरं मिळतं म्हणून आल्या होत्या. मी आले होते माझ्या गायीसाठी. ती वासरू असताना तिची आई गेली, आणि मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. घरात तिला ‘हिची गाय’ असंच म्हणतात. गोठ्यात इतर दोन गाई आहेत, त्या घराच्या. ही माझी. तिचं दुसरं वेत होतं, ती नुकती व्यालेली, आणि पेंड महाग होत चाललेली. म्हणून मी पुढच्या रांगेत बसले आणि शिकवणाऱ्या बाईंना प्रश्न विचारून विचारून हैराण केलं.

त्या अझोला शिकवत होत्या, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, जनावरांना खायला घालायची बारीक हिरवी वनस्पती. बाईंनी दोन गोष्टी अगदी बजावून सांगितल्या. एक म्हणजे, अझोल्यात प्रथिनं भरपूर असली तरी ताज्या अझोल्यात बहुतेक पाणीच असतं. टोपलीभर वाळवला तर मूठभर उरतो. म्हणून तो पेंडीला जोड आहे, पेंडीची जागा घेणारा नाही. आणि दुसरी, तो रोज काढायचा. वाढला तेवढा काढला नाही तर एकावर एक थर चढतो, खालचा गुदमरतो, कुजतो आणि सगळा खड्डा नासतो. ‘ठेवून वाढत नाही, काढून वाढतो,’ असं त्या म्हणाल्या. मला ते लगेच पटलं. गाईचं दूधही तसंच असतं, नाही पिळलं तर आटतं.

घरी आल्यावर मी खड्डा खणला. वीतभर खोल. कडेनं विटा लावल्या, वर प्लास्टिकचा कागद अंथरला, चाळलेली माती पसरली, शेण कालवून ओतलं, चिमूटभर सुपर फॉस्फेट टाकलं. पाणी बोअरचं घेतलं नाही. आमच्याकडचं बोअरचं पाणी मचूळ, त्यात नुसती वांगीसुद्धा रडतात. विहिरीचं आणून चार बोटं भरलं. प्रशिक्षणातून पिशवीत आणलेला अझोला वर पसरला, त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि वरून हिरवी जाळी बांधली, कारण त्याला अर्धं ऊन लागतं, सगळं नाही.

थोरले दीर तेव्हा ओट्यावर बसून बघत होते. ते माझ्याशी थेट कधी बोलत नाहीत. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी बोलायचं झालं तर नवऱ्याला मधे घेतो, नाहीतर भिंतीशी बोलतो. ते ह्यांना म्हणाले, “काय रं, आता गाईला शेवाळ घालायचं व्हय? उद्या बेडूक पन घाला.” आणि स्वतःच हसले. आमचे हे पण हसले. थोरल्या भावापुढं ह्यांची मान आजवर कधी वर झालेली नाही, हसायला तेवढी हलते.

दोन आठवड्यांत खड्डा भरला. सकाळी धारा झाल्या की मी चाळणीनं अझोला काढायची, अर्ध्या बादली पाण्यावर धरून धुवायची म्हणजे शेणाचा वास जातो, आणि बादलीत पडलेली बारीक बारीक रोपं परत खड्ड्यात ओतायची. पहिल्या दिवशी गाईनं नाक वर केलं. मग पेंडीत थोडाथोडा कालवून दिला, आणि आठवडाभरात ती घमेलं चाटून पुसून मोकळी करायला लागली. कोंबड्यांना तर शिकवावंच लागलं नाही. दुधाचा पूर आला असं मी सांगणार नाही, तसं सांगणारे पुढं येतीलच. पण पेंड थोडी कमी करूनही दूध टिकलं, गाईच्या अंगावर तुकतुकी आली आणि अंड्यातला बलक केशरी व्हायला लागला.

आमच्या मागच्या घरात चाची राहतात. एकट्याच असतात, गावरान कोंबड्या पाळतात आणि नेवाशाच्या बाजारात अंडी विकतात. माझ्या अंड्यांचा बलक बघून त्या आल्या आणि म्हणाल्या, “विरजन दे की मला पन थोडं.” त्यांनी अझोल्याला विरजणच म्हटलं. मी पातेलंभर दिला. त्यांनी तो मोडक्या कूलरच्या टाकीत सोडला.

मग दीर पालटले.

ते दूध संस्थेत संचालक आहेत. तिथं कुणीतरी अझोल्याची गोष्ट काढली, वरच्या संघाचे साहेब त्याचं फार कौतुक करतात असं कळलं, आणि आमच्या भाऊजींनी छाती पुढं काढून सांगून टाकलं की आमच्याकडं हाय, मीच केलाय. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. पण माणसानं एकदा थाप मारली की तिला टेकू लावत बसावं लागतं. त्यांनी पुढं सांगितलं की अझोल्यामुळं आम्ही सरकी पेंड पूर्ण बंद केली. आणि ते खरं ठरावं म्हणून त्यांनी पेंड आणायचीच बंद केली. गोठ्याची पेंड संस्थेतून तेच आणत.

साहेब बघायला येणार असं ठरलं. येत्या शनिवारी. साहेबांना शनिशिंगणापूरला दर्शनाला जायचं होतं, तर परतताना वाटेत आमचा खड्डा. म्हणजे देवाचं दर्शन मुख्य आणि आमचा खड्डा प्रसादासारखा.

शुक्रवारी फ्लेक्स आला: ‘आदर्श अझोला प्रकल्प’. माझी जाळी फ्लेक्सच्या आड येत होती, म्हणून ती सोडून गुंडाळून ठेवली. खड्ड्याला हळदी-कुंकू लावलं, नारळ फोडला. आणि मी सकाळी चाळणी घेऊन गेले तर दीर भिंतीकडं बघून म्हणाले, “आज काढू नका म्हनावं. पाव्हण्यांना खड्डा कसा गच्च दिसला पायजे. मधी पानी दिसाया नको.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, “एक दिवस न्हाई काढला तर काय हुतंय?”

एक दिवसानं काही होत नाही, हे खरंच. पण शनिवारी साहेब आले नाहीत. त्यांना काम निघालं. मग पुढचा शनिवार ठरला. तोवर हात लावायचा नाही. पुढच्या शनिवारी अमावस्या आली. शनिअमावस्येला तिकडच्या रस्त्यावर मुंगीला वाट नसते, साहेब गर्दीत येत नाहीत. मग त्याच्या पुढचा. प्रत्येक शनिवारी आमच्या घरी पोह्यांचं सामान यायचं आणि प्रत्येक रविवारी आम्हीच ते पोहे खायचो.

आणि गाय? गाईला अझोला नाही, कारण खड्डा गच्च दिसला पाहिजे. गाईला पेंड नाही, कारण अझोला आहे. वैरण आणि उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा पाला, एवढ्यावर ती उभी. नव्यानं व्यालेली गाय! दूध अंगावरून ओढून देतात गाई, माणसासारखा संप करत नाहीत. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या, मागची हाडं वर आली. धारेला बसलं की मान वळवून माझ्याकडं बघायची आणि रिकामं घमेलं चाटायची. संस्थेत तिच्या दुधाला फॅट लागेना, आणि तिथं फॅट बघणारा माणूस मलाच म्हणतो, पाणी घालता का वहिनी. ज्या संस्थेत माझे दीर अझोल्याच्या गप्पा मारतात त्या संस्थेत! त्या दिवशी मी घरी येऊन कळशी एवढ्या जोरात ठेवली की तिला पोचा पडला. तो अजून आहे.

मी ह्यांना सांगितलं, पेंड आणा. हे म्हणाले, दादाला इचारतो. दादाला विचारलं तर दादा म्हणाले, “आता पाव्हणे येऊन जाऊ दे, मंग बघू. एका गाईचं काय घिऊन बसलाय, नावाचा परश्न हाय.” नाव कुणाचं, उपास कुणाचा. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात म्हणे. आमच्याकडं नुसते दाखवायचेच होते, खायला तोंडच ठेवलं नव्हतं.

मी चोरून काढला नसेल का? दोनदा काढला. पण अझोला काढला की तिथं पाणी दिसतं, आणि दीर सकाळ-संध्याकाळ खड्ड्यापाशी उभे. माझ्याच खड्ड्यावर माझ्यावर राखण.

इकडं आश्विनातलं ऊन पडलं होतं, वर जाळी नाही. अझोला आधी कडेनं लालसर झाला, मग सगळाच विटकरी. खाली थर कुजत होता. हात घातला की काळं पाणी आणि नाल्याचा वास. मी ह्यांच्यामार्फत निरोप दिला की जाळी बांधू द्या, निम्मा अझोला काढून टाकू द्या, थोडं पाणी बदलू, जरासं फॉस्फेट टाकू, अजून वाचेल.

दिरांनी निरोप ऐकला आणि हसून म्हणाले, “लाल पडलं व्हय? मंग त्याला युरिया कमी पडला आसंल.”

आमच्याकडच्या ऊसवाल्यांची ही जुनी खोड. ऊस पिवळा पडला, युरिया. वाढ खुंटली, युरिया. पावसानं बसला, युरिया. उद्या जावयानं तोंड फिरवलं तरी त्याच्या बुडात मूठभर युरिया टाकतील. अझोला हवेतला नत्र आपला आपण घेतो, त्याला युरिया लागतच नाही, एवढं त्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं. पण बाईंनी सांगितलेलं मी ऐकलं होतं, आणि मी सांगितलेलं ऐकणार कोण?

अखेर तो शनिवार उजाडला. सकाळी धारेला उठले तर विटांच्या कडेला पांढरे दाणे सांडलेले. हातावर घेतले, गार लागले. युरियाच. वरचा लाल थर कुणीतरी दाताळ्यानं ओढून काढला होता आणि चाचींच्या टाकीतून आणलेला ताजा हिरवा अझोला वर पसरला होता. त्यांच्याकडं दिरांनी पहाटेच जाऊन टोपलीभर मागून आणला, हे मला नंतर कळलं. खाली तोच कुजका काळा गाळ, त्यात युरिया, आणि वर चाचींची हिरवळ. उकिरड्यावर चादर अंथरावी तसं.

दहाच्या सुमारास दोन गाड्या आल्या. साहेबांच्या कपाळाला अजून तेलाचा टिळा होता. माणूस वाईट नव्हता. गाडीतून उतरल्यावर त्यांनी आधी गोठ्याकडं पाहिलं, पण दिरांनी त्यांना हाताला धरून खड्ड्याकडं नेलं. पेंड कशी पूर्ण बंद केली, दूध कसं वाढलं, हे सगळं सांगून झालं. फोटो निघाले. मी डोक्यावर पदर घेऊन पोह्यांच्या बशा देत होते.

मग त्यांच्यातला एकजण म्हणाला, “गाय खाताना एक फोटो घेऊ.”

दिरांनी मोठ्यानं ह्यांना सांगितलं, “तिला म्हनावं, पाटीभर काढ आन् घाल गाईला.” आणि हे माझ्याकडं वळले आणि म्हणाले, “काढ.”

माझी गाय खुंट्याला होती. पाटी दिसल्याबरोबर तिनं दावं ताणलं. किती दिवसांची भुकेली होती ती. पुढं केलं असतं तर तिनं एका दमात फस्त केलं असतं, आणि तेच मला सहन होईना. ठिबकच्या टाकीतलं युरियाचं पाणी पिऊन आमच्या वस्तीवर शेळ्या मेलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, पोट फुगून, तोंडाला फेस येऊन. ह्यात किती युरिया आहे ते मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला माझी गाय नव्हती.

मी पाटी भरली. गोठ्याकडं गेले नाही. सरळ साहेबांच्या पुढ्यात गेले आणि पाटी दिरांच्या पायाशी ठेवली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी त्यांच्याशी तोंडावर बोलले.

“भाऊजी, रातच्याला तुमी ह्याच्यात युरिया टाकलाय. माझ्या गाईला मी हे घालनार न्हाई. तुमाला फोटो पायजे आसंल तर तुमी खा, काढू द्या फोटो.”

दीर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “बाईमानूस हाय, तिला काय कळतंय.” साहेब खाली वाकले. त्यांनी हातानं वरची हिरवळ बाजूला केली, तसा खालून तो वास वर आला. त्यांनी हात विहिरीच्या पाण्यानं धुतला. मग चालत गोठ्याकडं गेले, गाईच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि मला विचारलं, “पेंड कधी बंद केली?”

मी म्हटलं, “तुमी यायचं ठरलं तवा.”

चहा न घेता गाड्या निघून गेल्या. मला वाटलं होतं ते दिरांना चार शब्द सुनावतील. मोठी माणसं गप्प बसूनच निघून जातात, भोगायचं घरच्यांनी. त्यानंतर घरात जो तमाशा झाला तो मी इथं लिहिणार नाही. मी घराण्याचं नाक कापलं, एवढंच पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं. गाईच्या बरगड्यांबद्दल एकही माणूस एक शब्द बोलला नाही. हेही नाही. त्यांचा राग दिरांच्या रागापेक्षा मला जास्त आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांची मोटरसायकल आली आणि मागं सरकी पेंडीचं पोतं होतं. दादाला न विचारता आणलेलं. त्यांनी ते गोठ्यात उतरवलं, माझ्याकडं न बघता पाय धुवायला गेले. मी पेंड भिजत घातली.

तीन-चार दिवसांनी संध्याकाळी चाची आल्या. आपला अझोला कशासाठी नेला हे त्यांना कळलं होतं आणि त्याही तापल्या होत्या. “माझ्या कोंबड्यांच्या तोंडचा घास पाव्हण्यांच्या डोळ्याला दिला व्हय,” म्हणाल्या. मग पदराआडून पातेलं काढलं. माझंच पातेलं, मी त्यांना विरजण दिलेलं. त्यात हिरवागार अझोला होता. एवढा ओरबाडून नेऊनही त्यांची टाकी पुन्हा भरत आली होती, कारण त्या रोज काढायच्या.

नवा खड्डा मी गोठ्यामागं केला, शेवग्याखाली, रस्त्यावरून कुणाला दिसणार नाही असा. जाळी आधी बांधली, मग पाणी भरलं. जुन्या खड्ड्याला हात लावला नाही. तो त्यांचा आहे, फ्लेक्ससकट. गाईला सावरायला वेळ लागला. एकदा खालावलेली गाय त्या वेतात पहिल्यासारखं दूध देत नाही, तिनंही दिलं नाही. पण ती गाभण राहिली, आणि आता तिच्या पाठीवर हात फिरवला की हाडं लागत नाहीत.

मधे एका सकाळी दीर गोठ्यात आले. मी धुतलेला अझोला पेंडीत कालवत होते. त्यांनी भिंतीकडं पाहिलं, ह्यांना शोधलं, हे नव्हते. मग नाइलाजानं माझ्याशीच बोलले. दुसऱ्या तालुक्यातून कुणीतरी प्रकल्प बघायला निघाले होते.

“तेवढ्यापुरता तुझ्यातला अझोला पुढच्या खड्ड्यात टाक. पाव्हणे गेले की परत घे. काय बिघडतंय?”

मी घमेलं गाईपुढं सरकवलं. तिनं तोंड घातलं, आणि तिच्या ओठांना हिरवे ठिपके चिकटले.

“ह्यो निघाला की गाईच्या पोटात,” मी म्हटलं. “पाव्हण्यांना म्हनावं, तिकडं बघा.”

ते उभे राहिले. गाय खात राहिली, आणि घमेलं रिकामं होईपर्यंत तिनं एकदाही मान वर केली नाही.